तीन दिवसांनी ऑर्डर रद्द कोण करते?

मंगळवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ठाण्यातल्या एका गिऱ्हाइकाने देवगड हापूसच्या दोन पेट्या ऑनलाइन नोंदवल्या आणि ‘पैसे उद्या भरू’ म्हणून मोबाइल बाजूला ठेवला. संकेतस्थळावर अट स्वच्छ लिहिलेली आहे: पैसे भरायला तीन दिवस, नाहीतर ऑर्डर आपोआप रद्द. म्हणजे शुक्रवारी रात्री ११:४० पर्यंत त्या दोन पेट्या या गिऱ्हाइकाच्या नावावर अडकल्या. एप्रिलमध्ये बागायतदाराकडे माल मोजकाच असतो. अडकलेली पेटी वेळेत सुटली नाही तर ती दुसऱ्याला विकता येत नाही, आणि आंबा काही कुणासाठी पिकायचा थांबत नाही.

हे उदाहरण समजुतीपुरते घेतले आहे, पण असा व्यवहार कुठल्याही ऑनलाइन दुकानात रोज चालतो. त्यातला ‘आपोआप’ हा शब्द गिऱ्हाईक सहज वाचून पुढे जाते. प्रोग्रामरला मात्र तिथेच थांबावे लागते. शुक्रवारी रात्री ११:४० ला दुकानाचा मालक झोपलेला, गिऱ्हाईक विसरलेले. मग ती ऑर्डर रद्द नेमकी कोण करणार?

यावर दोन घराणी आहेत. पहिले म्हणते, ऑर्डर आली की लगेच तिच्या नावाचा एक गजर लावून टाका. बहात्तर तासांनी तो वाजेल आणि ऑर्डर रद्द करेल. जितक्या ऑर्डरी तितके गजर. दुसरे म्हणते, गजर वगैरे काही नको. ऑर्डरींच्या टेबलात ‘मुदत’ नावाचा एक रकाना ठेवा, त्यात शुक्रवार ११:४० लिहा, आणि एका छोट्या प्रोग्रामला दर मिनिटाला त्या टेबलावरून फेरी मारायला लावा: कुणाची मुदत उलटली? उलटली असेल त्याची ऑर्डर रद्द. या फेरीला प्रोग्रामर मंडळी ‘पोलिंग’ म्हणतात, आणि बरेचदा जरा नाक मुरडूनच म्हणतात. काही घडलेले नसताना दर मिनिटाला विचारत बसणे त्यांना अडाणीपणाचे वाटते.

गजर मात्र दिसायला फार देखणा. जावास्क्रिप्टमध्ये तो एका ओळीत लागतो: `setTimeout` ला काम सांगायचे आणि किती मिलिसेकंदांनी करायचे ते सांगायचे. नवशिका प्रोग्रामर हेच करतो आणि चाचणीत ते सुरेख चालते, कारण चाचणीत तो तीन दिवसांऐवजी तीन सेकंद ठेवतो. खरी अडचण अशी की हा गजर प्रोग्रामच्या स्मृतीत असतो, डिस्कवर नाही. गुरुवारी दुपारी कुणी संकेतस्थळाची नवी आवृत्ती चढवली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की लावलेले सगळे गजर गेले. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. ठाण्याच्या गिऱ्हाइकाच्या दोन पेट्या मग हंगाम संपेपर्यंत ‘बाकी’ म्हणून तशाच पडून राहतात.

याच `setTimeout` मध्ये आणखी एक मजेशीर खड्डा आहे. तो वेळ ३२ बिटांच्या आकड्यात मोजतो आणि त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम २४.८ दिवस. तीन दिवसांचे २५,९२,००,००० मिलिसेकंद त्यात आरामात बसतात. पण उद्या मालकाने ‘आगाऊ नोंदणीला तीस दिवस देऊ’ असे ठरवले, तर आकडा २,५९,२०,००,००० होतो आणि मर्यादा ओलांडतो. सर्व्हरवर चालणारे नोड अशा वेळी एक इशारा छापते आणि मुदत थेट १ मिलिसेकंद धरते. तीस दिवसांची सवलत दिलेली ऑर्डर नोंदवल्या क्षणी रद्द होते!

मुरलेला प्रोग्रामर अर्थातच गजर स्मृतीत ठेवत नाही. तो कामांच्या रांगेची व्यवस्था वापरतो. ‘ऑर्डर क्रमांक अमुक रद्द कर, पण तीन दिवसांनी’ अशी चिठ्ठी रांगेत टाकायची. चिठ्ठी डिस्कवर राहते, सर्व्हर बंद पडला तरी हरवत नाही. पण या रांगा मुळात ‘हे काम आत्ता कर’ यासाठी घडवलेल्या आहेत, आणि लांबच्या मुदती त्यांच्या अंगवळणी नाहीत. अ‍ॅमेझॉनची एसक्यूएस ही अतिशय वापरातली रांग. तिच्यात चिठ्ठीला जास्तीत जास्त १५ मिनिटे थांबवून ठेवता येते. तीन दिवस गाठायचे तर तीच चिठ्ठी पंधरा मिनिटांनी उचलायची, ‘अजून वेळ झाली नाही’ म्हणत पुन्हा टाकायची, असे २८८ वेळा. एका न भरलेल्या ऑर्डरीसाठी २८८ उड्या. गूगलची क्लाउड टास्क्स ही सेवा तीस दिवसांपर्यंतची मुदत घेते, म्हणजे तिथे निभावते. पण प्रत्येक रांगेची मर्यादा वेगळी, आणि ती कळते ती सहसा उशिरा.

पायथॉनच्या जगात सेलरी नावाची व्यवस्था लोकप्रिय आहे. तिला चिठ्ठ्या ठेवायला रेडिस दिले तर एक नियम लागू होतो: उचललेली चिठ्ठी एका तासात पूर्ण झाली नाही, तर ती उचलणारा कामगार-प्रोग्राम मेला असे समजून तीच चिठ्ठी दुसऱ्याला दिली जाते. नियम शहाणपणाचा आहे. पण तीन दिवसांनी करायचे काम सेलरीचा कामगार आधीच उचलून जवळ धरून बसतो. तास उलटतो, चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात जाते. आणखी एक तास, तिसऱ्याच्या. शुक्रवारी ११:४० ला हे सगळे एकदम जागे होतात आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ‘आपली ऑर्डर रद्द झाली आहे’ हा संदेश पुन्हा पुन्हा येऊन आदळतो. ही काही कुणाची खोडी नव्हे. सेलरीच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत हा इशारा लिहून ठेवलेला आहे, आणि तासाची मर्यादा वाढवता येते. तरीही दरवर्षी नवे प्रोग्रामर त्यात पडतात.

समजा, या सगळ्या मर्यादा सांभाळल्या आणि गजर बिनचूक वाजला. तरी खरा पेच शिल्लकच राहतो, आणि त्याचा तंत्राशी फारसा संबंध नाही. तीन दिवस हा मोठा काळ आहे. तेवढ्यात माणसे काहीबाही करतात. बुधवारी गिऱ्हाईक पैसे भरते. आता शुक्रवारचा गजर शोधून बंद करायला हवा. गुरुवारी दुसऱ्या कुणाचा फोन येतो, ‘घरी बारसे आहे, सोमवारपर्यंत पेटी ठेवा, पैसे आणून देतो.’ मालक हो म्हणतो, कारण गिऱ्हाईक जुने आहे. त्याचाही गजर शुक्रवारचाच लागलेला आहे. तो हलवायचा तर गजराचा क्रमांक ऑर्डरीजवळ कुठेतरी नोंदवलेला हवा, आणि नोंद बदलणे व गजर हलवणे ही दोन कामे दोन वेगळ्या ठिकाणी व्हायला हवीत. पहिले झाले आणि दुसऱ्याच्या आधी वीज गेली, तर टेबल म्हणते सोमवार आणि गजर म्हणतो शुक्रवार.

म्हणून अनुभवी मंडळी गजर बंद करण्याच्या फंदातच पडत नाहीत. वाजू द्या त्याला. पण वाजल्यावर त्याने ऑर्डर आंधळेपणाने रद्द करायची नाही. आधी टेबलात पाहायचे. पैसे आले असतील तर गप्प बसायचे. मुदत वाढली असेल तरी गप्प बसायचे आणि नव्या वेळेचा गजर लावायचा. ही सुधारणा अचूक आहे, फक्त तिने एक गोष्ट कबूल करून टाकली आहे: खरे काय ते टेबल सांगते, गजर नुसता ढोसतो. मग प्रत्येक ऑर्डरीला वेगळा ढोसणारा कशाला? दर मिनिटाला सगळ्यांना ढोसणारा एकच पुरे.

दुसऱ्या घराण्याचे अख्खे काम एवढ्यात आटोपते:

```sql
UPDATE orders
SET status = 'cancelled'
WHERE status = 'pending'
  AND due_at <= now();
```

ज्या ऑर्डरी अजून ‘बाकी’ आहेत आणि ज्यांची मुदत उलटली आहे, त्या रद्द. पैसे भरलेल्या ऑर्डरीची अवस्था आधीच बदललेली असते, त्यामुळे ती चाळणीतून आपसूक सुटते. बारशाच्या ऑर्डरीत मालकाने मुदतीच्या रकान्यात सोमवार लिहिला की झाले, दुसरीकडे कुठे काही बदलायचे नाही. सर्व्हर रात्रभर बंद होता? सकाळी सुरू झाल्यावर पहिल्याच फेरीत रात्रीच्या सगळ्या उलटलेल्या मुदती सापडतात. हरवायला मुळात काही वेगळे ठेवलेलेच नाही.

नाक मुरडणाऱ्यांचा आक्षेप असतो तो खर्चाचा. दर मिनिटाला एक, म्हणजे दिवसाला १,४४० प्रश्न, आणि त्यातले बहुतेक रिकाम्या हाताने परतणारे. आकडा ऐकायला मोठा आहे, पण सगळी गंमत इंडेक्समध्ये आहे. हंगामात चाळीस हजार ऑर्डरी झाल्या आणि इंडेक्स नसला, तर प्रत्येक फेरीला चाळीस हजार नोंदी चाळाव्या लागतात. वर्षागणिक टेबल वाढत जाते आणि फेरी जड होते. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये मात्र फक्त ‘बाकी’ असलेल्या नोंदींचाच, मुदतीच्या क्रमाने लावलेला इंडेक्स करता येतो. कुठल्याही क्षणी बाकी असतात त्या चार-पाचशे ऑर्डरी. डेटाबेस त्या यादीच्या तोंडाशी पाहतो, सर्वांत जवळची मुदतही अजून पुढे आहे असे दिसले की तिथूनच परत फिरतो. ऑर्डरी चाळीस हजार असोत की चाळीस लाख, त्याला फरक पडत नाही.

हा वाद आजचा नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ठरल्या वेळी कामे चालवणारा `cron` हा प्रोग्राम दर मिनिटाला उठून आपली यादी पाहत असे. पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात तो एका सामायिक यंत्रावरच्या सर्व वापरकर्त्यांसाठी खुला करायचे ठरले, तेव्हा असे दर मिनिटाला उठणे यंत्राला झेपेना. मग कामे वेळेच्या क्रमाने लावायची, पहिल्या कामाची वेळ होईपर्यंत झोपायचे आणि तेव्हाच उठायचे, असा मार्ग निघाला. आजचा इंडेक्स तेच क्रमवारीचे काम करतो. आणि उलट बाजूनेही पाहण्यासारखे आहे: रूबीच्या जगातली साइडकिक ही व्यवस्था प्रत्येक ऑर्डरीला गजर लावून देते खरी, पण आत डोकावले तर सगळे गजर रेडिसमध्ये वेळेच्या क्रमाने एका यादीत ठेवलेले असतात आणि साधारण पाच-पाच सेकंदांनी कुणीतरी त्या यादीचे तोंड तपासत असते. म्हणजे फेरीच. फरक इतकाच की ती दुसऱ्याने लिहिलेली असते, आणि तिची यादी दुकानाच्या टेबलापासून वेगळी असते.

फेरीलाही तिची दुखणी आहेतच. पहिले म्हणजे ती चालवतो कोण? वर्डप्रेसवर दुकान थाटणारे बरेच जण वूकॉमर्स वापरतात. पैसे न आलेल्या ऑर्डरींचा माल किती मिनिटे राखायचा याची जागा त्यात आहे, मूळ नेमणूक ६० मिनिटांची, आणि रद्द करण्याचे काम फेरीनेच होते. पण वर्डप्रेसचे वेळापत्रक संकेतस्थळाला कुणी भेट दिली की मगच हलते. छोट्या दुकानात रात्री दोन ते सहा कुणी फिरकले नाही, तर त्या काळातल्या मुदती सकाळच्या पहिल्या पाहुण्यापर्यंत तशाच राहतात. यावर उपाय म्हणजे सर्व्हरच्याच `cron` ला ते काम सांगणे. मोठ्या दुकानात याच्या उलट घडते: फेरी मारणारे प्रोग्राम दोन असतात आणि दोघे एकाच नोंदीवर झडप घालतात. पोस्टग्रेसमध्ये २०१६ साली आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून `SKIP LOCKED` हे शब्द त्यासाठी आहेत. दुसऱ्याने धरलेली नोंद सोडून पुढची उचलायची.

रात्रभर बंद पडलेली फेरी सकाळी एकदम उठते तेव्हाही जपावे लागते. शेकडो ऑर्डरी एका झटक्यात रद्द करून तितकेच संदेश एका मिनिटात सोडण्यापेक्षा एका फेरीला शंभरच नोंदी घ्याव्यात. उरलेल्या पुढच्या मिनिटाला मिळतातच.

खरे नाजूक दुखणे पैशांच्या सीमेवर आहे. ठाण्याच्या गिऱ्हाइकाला शुक्रवारी रात्री ११:३९ ला आठवण होते आणि ते यूपीआयने पैसे पाठवते. खात्यातून रक्कम वजा होते, पण दुकानाला ती खबर पोचायला दीड मिनिट लागते. मधल्या काळात ११:४० ची फेरी येऊन ऑर्डर रद्द करून जाते. पैसे गेले आणि पेट्याही गेल्या. गजर असता तरी हेच झाले असते. यात कोणतेच घराणे दुसऱ्यापेक्षा वरचढ नाही. इलाज असा की गिऱ्हाइकाने ‘पैसे भरा’ हे बटण दाबताच ऑर्डरीची अवस्था ‘बाकी’ वरून ‘भरणा चालू’ अशी बदलायची. मग मुदतीची फेरी तिला हात लावत नाही. अशा ऑर्डरींसाठी दुसरी फेरी ठेवायची, जी पेमेंट गेटवेला विचारते: या व्यवहाराचे काय झाले? होय म्हटले की ऑर्डर पक्की, नाही म्हटले की पुन्हा ‘बाकी’.

कधीकधी उत्तर ‘ठाऊक नाही’ असेच येत राहते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या पैशांची खातरजमा दुकानदाराकडे पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत व्हायला हवी. त्यापुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. आंब्याची पेटी पाच दिवस वाट पाहत ठेवायची की दुसऱ्याला देऊन या गिऱ्हाइकाला पुढच्या तोडणीची द्यायची, हे मात्र प्रोग्रामने ठरवायचे नसते. अशा ऑर्डरी मालकापुढे ठेवाव्यात. त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात.

एक तिसरी वाटही आहे, आणि ती या दोन घराण्यांच्या भांडणात हटकून विसरली जाते. मुदत संपल्याच्या क्षणी खरेच काही करावे लागते का? ओटीपीचे पाहा. दहा मिनिटांनी तो निकामी होतो, पण त्यासाठी कुणी गजर लावण्याची किंवा फेरी मारण्याची गरजच नसते. तो टाइप केला जातो त्या वेळी घड्याळाकडे पाहिले की पुरते. पेट्यांचेही तसेच करता येते. ‘किती पेट्या शिल्लक’ हा हिशेब करताना मुदत उलटलेल्या बाकी ऑर्डरी धरायच्याच नाहीत. मग शुक्रवारी ११ वाजून ४० मिनिटे शून्य सेकंदाला दोन पेट्या बरोबर मोकळ्या होतात, फेरी ११:४१ ला येवो की बंद पडून सकाळी येवो. पैसे स्वीकारतानाही तीच अट तपासावी, नाहीतर एकच पेटी दोघांना विकली जाईल. इतके केल्यावर फेरीकडे उरते ते ऑर्डरीवर ‘रद्द’ असा शिक्का मारणे आणि गिऱ्हाइकाला कळवणे, आणि या दोन्ही गोष्टींना मिनिटभर उशीर झाला तर कुणाचे काही बिघडत नाही.

मग गजर अजिबात नकोच का? सेकंदांच्या हिशेबात तोच हवा. इंटरनेटवर पाठवलेल्या पाकिटाची पोच ठरावीक वेळात आली नाही तर ते पुन्हा पाठवायचे असते; असे हजारो गजर एका यंत्रात सतत लागतात आणि बहुतेक वाजण्याआधीच बंद केले जातात. ते स्वस्तात कसे सांभाळायचे यावर जॉर्ज व्हर्गीज आणि टोनी लॉक यांनी १९८७ साली ‘टायमिंग व्हील’ ची रचना मांडली आणि ती आजही वापरात आहे. टॅक्सीचालकाला पंधरा सेकंदांत भाडे स्वीकारायला सांगायचे असेल तर मिनिटाची फेरी काय कामाची? शिवाय तिथे गजर हरवला तरी प्रवासी पुन्हा बटण दाबतो. तास आणि दिवसांच्या मुदतीला, जिथे मधल्या काळात माणसे मन बदलतात आणि सर्व्हर बंद-चालू होतात, तिथे टेबलातला रकाना आणि मिनिटाची फेरी हेच बरे.

फेरीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे: ती बंद पडली तर बाहेरून दिसते. हरवलेला गजर मागे काहीच खूण ठेवत नाही. राहिलेली फेरी टेबलात ढीग ठेवते, आणि तो मोजता येतो:

```sql
SELECT count(*), min(due_at)
FROM orders
WHERE status = 'pending'
  AND due_at < now() - interval '10 minutes';
```

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्याने आपल्या प्रोग्रामरकडून एवढे जरूर करून घ्यावे, की हा आकडा रोज सकाळी मोबाइलवर यावा. तो शून्य असला पाहिजे. शून्य नसेल, तर शेजारी आलेली सर्वांत जुनी मुदत सांगते की फेरी साधारण केव्हापासून अडली आहे.